एकवचन की अनेकवचन? धम्मपदाच्या पहिल्या गाथेतील ‘धम्मा’

धम्मपदाची पहिलीच गाथा मनाविषयी आहे आणि तिचा अर्थ पुष्कळदा असा सांगितला जातो की धर्म मनातून जन्मतो. हा अर्थ चुकीचा आहे. चूक श्रद्धेची नसून व्याकरणाची आहे.

मराठी कानाला ‘धम्मा’ हे ‘धम्माचा’, ‘धम्माने’ यांतील सामान्यरूप वाटते. पालीत मात्र ते प्रथमेचे अनेकवचन आहे, एकवचन ‘धम्मो’. त्याच वर्गातील पाचव्या गाथेत ‘धम्मो’ येतो. वैर वैराने शमत नाही, हा तेथे सनातन नियम म्हटला आहे. पहिल्या गाथेत पुष्कळ ‘धम्म’ आहेत आणि मन त्यांच्या पुढे चालते. अनेक धर्म एका मनामागून चालतात, असे कोणाला म्हणावयाचे आहे काय?

मग हे ‘धम्म’ कोणते? पाली अट्ठकथा शब्दाचे चार अर्थ देते : गुण, उपदेश, ग्रंथपाठ आणि ‘निस्सत्त’, म्हणजे ज्यात कोणी जीव किंवा कर्ता नाही अशी घटना. येथे चौथा घ्यावा, असे ती सांगते आणि तोही आवळून वेदना, संज्ञा व संस्कार या तीन स्कंधांपुरता. विज्ञान वगळले, कारण पुढे चालणारे मन तेच. सारे एकदम उपजत असतील तर पुढे कोण? टीकाकार गाव लुटणाऱ्या टोळीचे उदाहरण देतो : लूट सर्वांची, म्होरक्या एक.

फाउसबोल याने १८५५ च्या लॅटिन अनुवादात ‘स्वभाव’ अशा अर्थाचा शब्द योजला. मॅक्स म्युलरने ‘आपण जे काही आहोत ते’ असे केले. वाक्य गोड झाले, पण ‘धम्मा’ नाहीसा झाला. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हाच विचार मांडताना मन ‘वस्तूं’च्या आधी असते असे म्हटले. ‘धम्म’ शब्दासाठी एवढा आग्रह धरणाऱ्या लेखकाने येथे तो वापरला नाही, हे ध्यानात घ्यावे. मात्र ‘वस्तू’ म्हणजे दगडधोंडे समजले की जग मनाने निर्माण केले, असा भलताच सिद्धान्त गाथेच्या गळ्यात पडतो.

उत्तरार्ध तो खोडतो. दूषित मनाने बोलले वा वागले की दुःख मागे लागते, जसे चाक बैलाच्या पावलामागे. विषय कर्माचा आहे, विश्वोत्पत्तीचा नाही.

उदानवर्गात आणि गांधारी पाठात पालीतील ‘मनोमय’च्या जागी ‘मनोजव’, म्हणजे मनाइतके वेगवान, अशा अर्थाचे रूप आहे. त्या पाठांत तर मन काही ‘घडवते’ हा आधारही उरत नाही.

वर्धा जिल्ह्यात पाली वाङ्मयाशी जोडलेली दोन स्थळे जवळजवळ आहेत. सेवाग्रामला जून १९४७ मध्ये धर्मानंद कोसंबींनी देह ठेवला. पवनारच्या विनोबांनी धम्मपदाच्या गाथा विषयवार लावून ‘नवसंहिता’ केली. गाथांचा क्रम असा बदलता येतो. शब्दाचे वचन बदलता येत नाही, आणि ‘धम्मा’चे मराठी करताना ‘मनोवृत्ती’ किंवा ‘चित्तातील अवस्था’ असेच म्हणावे लागते.