कडा करप्याचे जिवाणू आपसांत ‘बोलतात’. आपली फवारणी मात्र उशिरा पोचते

मुळशीच्या खाचरांत इंद्रायणी आणि आंबेमोहोर फुटव्यावर आले, की पावसाची झड आणि वारा यांच्यामागोमाग कडा करपा येतो. पानाचे टोक पिवळे पडते, मग कडेने नागमोडी पट्टा खाली उतरतो. तो दिसला, की कृषी सेवा केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड आणायचे, ही ठरलेली वाट. माझ्या मते या वाटेत मुळातच चूक आहे, आणि ती समजायला या जिवाणूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

जिवाणू बोलतात म्हणजे काय?

कडा करप्याचा जिवाणू म्हणजे झँथोमोनास ओरायझी. भारतात हा रोग १९५१ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, तो महाराष्ट्रातच, घाटाखालच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. पानाच्या कडेची सूक्ष्म जलछिद्रे किंवा जखमा यांतून तो आत शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो.

प्रत्येक जिवाणू एक छोटा स्निग्धाम्लाचा रेणू बाहेर सोडत असतो. त्याला डीएसएफ म्हणतात. जिवाणू थोडे असतील तर रेणू विरून जातो. संख्या वाढली, की त्याचे प्रमाणही वाढते. जिवाणूच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिनाला ते जाणवते आणि आतली अनेक जनुके एकदम चालू किंवा बंद होतात. सभेत गणसंख्या पुरी झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसेच हे. म्हणून शास्त्रज्ञ याला ‘कोरम सेन्सिंग’ म्हणतात.

इथे एक बारकावा आहे. जिवाणू डोकी मोजत नाही, रेणूचे प्रमाण मोजतो. भाताच्या पानातली नळी अरुंद असते. बंदिस्त जागेत रेणू साठतो, त्यामुळे तिथे थोड्या जिवाणूंनाही गर्दी झाल्याचे भासू शकते. उलट वाहत्या पाण्यात रेणू धुऊन जातो.

बोलणे बंद केले तर?

हैदराबादच्या सीसीएमबीत सुभदीप चॅटर्जी आणि रमेश सोंटी यांनी २००२ मध्ये नेमके हेच तपासले. त्यांनी डीएसएफ तयार करणारे आरपीएफ-एफ हे जनुक बिघडलेले जिवाणू अभ्यासले. हे मुके जिवाणू लोह कमी असलेल्या माध्यमात नीट वाढेनात आणि भातावर रोगही जोमाने पसरवू शकेनात. म्हणजे संदेश हा या जिवाणूसाठी जगण्याचाही भाग आहे.

मग संदेश तोडणारे औषध का नको? कल्पना मोहक आहे, पण द्राक्षवेलीवरच्या झायलेला या जिवाणूने सावध केले आहे. त्याचेही हेच जनुक बंद केले, तेव्हा तो कीटकांमार्फत पसरेना, पण वेलीला जास्त इजा करू लागला. एकाच रेणूचा अर्थ दोन जिवाणूंमध्ये उलटा निघतो. त्यामुळे ‘संदेश तोडणारी’ म्हणून उद्या एखादी बाटली बाजारात आली, तर ती कोणत्या रोगावर आणि कोणत्या पिकावर तपासली आहे, हे आधी विचारा.

शेतकऱ्याने काय करावे?

पट्टा दिसतो तेव्हा जिवाणू नळीच्या आत असतात आणि तांबे मात्र पानाच्या वर बसते. खात्री करायची असेल तर रोगट पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. काही मिनिटांत कापलेल्या कडेतून दुधाळ धार निघाली, तर रोग जिवाणूचा आहे. अशा वेळी प्रतिजैविकाचा उपयोग मर्यादित, पण जिवाणूंत प्रतिकार वाढण्याचा धोका मोठा. स्ट्रेप्टोमायसिन हे माणसांच्या क्षयरोगावरचेही औषध आहे. म्हणूनच केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील त्याच्या वापरावर बंदीचा मसुदा काढला.

खरे काम आहे गर्दी जमू न देण्याचे. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडू नका, ती जखम म्हणजे उघडे दार. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या, कारण जादा नत्राने लुसलुशीत झालेले पीक लवकर बळी पडते. रोगट खाचराचे पाणी खालच्या खाचरात सोडू नका.

आणि मागणी करायचीच असेल तर पुडीच्या अनुदानाची नको, वाणाची करा. सांबा मसुरीत तीन प्रतिकारक जनुके आणून २००८ मध्ये सुधारित वाण आला. इंद्रायणीचा तसाच, चव आणि वास राखलेला, प्रतिकारक वाण मुळशीच्या बांधापर्यंत पोचायला हवा.