सुगरणीचा नर आणि एक परिच्छेद

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला डॉ. सालिम अलींचा. चितमपल्लींची नोकरीतली बरीच वर्षे नवेगाव बांधला गेली, आणि तो तेव्हा आपल्या भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणून इथल्या शाळेत या सप्ताहात भित्तिफलक लागला तर नवल नाही. सालिम अलींचा कागद तुमच्या मुलीच्या वाट्याला आला, तर एवढे मोठे चरित्र एका परिच्छेदात बसवायचे कसे?

मुले सहसा सनावळी आणि पुरस्कार उतरवतात. १८९६, १९५८ चे पद्मभूषण, १९७६ चे पद्मविभूषण. असा कागद कोणाच्याही नावाखाली चिकटवता येतो. आमचे म्हणणे असे, की आधी त्यांनी शोधून काढलेली एक गोष्ट निवडावी आणि बाकीचे तिच्याभोवती ठेवावे.

लहानपणी एअरगनने मारलेल्या चिमणीचा प्रसंग सर्वांना मोहात पाडतो. पण ‘चिमणी मारली आणि पक्षिशास्त्रज्ञ झाले’ असे लिहिले, तर मधली वीसेक वर्षे गडप होतात. त्यात ब्रह्मदेशातला धंदा आहे, मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी आहे, बर्लिनमधले शिक्षण आहे. १९३० साली परतले तेव्हा ती नोकरीही उरली नव्हती. मग ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि पावसाळाभर सुगरण पक्ष्यांची वसाहत पाहत बसले. आम्ही हाच भाग निवडू, कारण सुगरणीचे खोपे आपल्याकडेही विहिरीवरच्या बाभळीला लोंबतात. परिच्छेद असा:

‘सुगरण म्हटले तरी खोपा विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन पारखते. तिला पसंत पडला तर नर तो पुरा करतो, मग दुसऱ्या मादीसाठी नवा सुरू करतो. हे डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये किहीमला तासन्‌तास निरीक्षण करून दाखवून दिले. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पुढे १९४१ मध्ये त्यांनी भारतीय पक्ष्यांची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले.’

पन्नासेक शब्द झाले. उभ्याने वाचायला एवढे पुरेत. ‘महान’, ‘थोर’ यांना जागा ठेवली नाही. चिमणी गेली याची हळहळ वाटते खरी. ‘भारताचे पहिले पक्षिशास्त्रज्ञ’ असेही लिहू देऊ नये. त्यांच्या आधी ह्यूम होऊन गेले. मुलीने प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून ते पुस्तकात कोणत्या पानावर आहे हे दाखवावे. पान सापडले नाही, तर वाक्य खोडावे.

चित्र हवे असेल तर अर्धवट खोप्याचे काढावे. नोव्हेंबरपर्यंत विणीचा हंगाम उलटलेला असतो, पण टोपीसारखे अर्धे खोपे झाडावर राहिलेले दिसतात. त्यातले बरेचसे मादीने नापसंत केलेले असतात.