हिवाळी कांदा कोणी पाहिलाय?

या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या भाऊंनी त्यांच्या मोबाइलवर आलेला एक पीक सल्ला मला वाचायला दिला, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. भाऊ चाकणच्या एमआयडीसीत लाइन सुपरवायझर आहेत. खेड तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात त्यांची थोडी बागायत आहे, ती ते सुट्टीच्या दिवसात आणि चुलतभावाच्या जिवावर करतात. सल्ला देणाऱ्या कंपनीचं नाव मी छापत नाही, कारण असा मजकूर पाठवणारी ती काही एकटीच नाही. सल्ला इंग्रजीत होता आणि त्यात कांद्याचे तीन हंगाम दिले होते: ‘मॉन्सून ओनियन’, ‘विंटर ओनियन’, ‘समर ओनियन’. त्यातल्या ‘विंटर’ या नावाचा घोळ भाऊंना गेल्या वर्षी चांगलाच महाग पडला होता. त्यांच्याकडून ती हकिगत ऐकल्यावर हे सदर या विषयावर लिहायचं ठरलं.

आधी थोडी माहिती. खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द अरबी. खरीप म्हणजे शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. मोगलाईतल्या महसुलाच्या दप्तरातून ते आपल्याकडे आले. वसुली पीक हाती आल्यावर व्हायची, म्हणून ही नावं पेरणीच्या नव्हे, काढणीच्या ऋतूची आहेत. इंग्रजीत मात्र खरिपाचं ‘मॉन्सून’ आणि रब्बीचं ‘विंटर’ होतं, म्हणजे पीक शेतात उभं असतं तो ऋतू. ज्वारी-हरभऱ्याला त्यानं फार बिघडत नाही. कांद्याला बिघडतं, कारण आपल्याकडे कांदा तीनदा लागतो. खरिपाच्या कांद्याची लागण जुलै-ऑगस्टची, काढणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. दुसरा रांगडा, कागदावर ‘लेट खरीप’. त्याची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि काढणी जानेवारी ते मार्चमधली. तिसरा रब्बी. तो डिसेंबर-जानेवारीत लागतो आणि एप्रिल-मेमध्ये निघतो.

आता शेतकरी काय म्हणतो ते बघा. रब्बी कांद्याला नाशिककडचा माणूस ‘उन्हाळ’ किंवा ‘उन्हाळी’ म्हणतो, कारण तो उन्हाळ्यात निघतो. आपल्या पुणे जिल्ह्यात, चाकणच्या मार्केट यार्डात, त्यालाच ‘गरवी’ म्हणतात आणि लवकर येणाऱ्याला ‘हळवी’. मावळात भातालाही हेच शब्द आहेत, हळवं भात आणि गरवं भात. चाकणकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एकाच बाकावर नाशिकचा, जुन्नरचा आणि बीडचा माणूस बसलेला असतो, आणि तिघांच्या तोंडी एकाच कांद्याची वेगवेगळी नावं असतात. पण ‘हिवाळी कांदा’ असं या तिघांपैकी कोणी म्हणत नाही. तशा नावाचा कांदा बाजारात येतच नाही.

भाऊंनी ऑक्टोबरच्या शेवटी एक एकर कांदा लावला होता. म्हणजे रांगडा. फेब्रुवारीच्या अखेरीस तो काढला तेव्हा बाजार पडलेला होता. काय करावं म्हणून त्यांनी मोबाइल उघडला. रांगडा किंवा लेट खरीप असा शब्द सल्ल्यात कुठेच नव्हता. आपला कांदा सगळी थंडी शेतात होता, तेव्हा ‘विंटर’ म्हणजे आपलाच, असं त्यांनी धरलं. कोणीही धरलं असतं. त्या ‘विंटर’ खाली लिहिलं होतं की हा कांदा नीट सुकवून चाळीत पाच-सहा महिने ठेवता येतो. प्रत्यक्षात ते वर्णन रब्बी कांद्याचं होतं. भाऊंनी कांदा चाळीत भरला.

रब्बी कांदा टिकतो तो चाळीमुळे नाही, चाळ त्याला फक्त सांभाळते. तो पोसतो मार्च-एप्रिलच्या वाढत्या उन्हात. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडलेलं असतं. पात आपोआप पिवळी पडते, निम्म्याअधिक झाडांच्या माना मोडून पडतात, आणि मान वाळून बंद झाली की आत हवा-पाणी शिरायला वाट राहत नाही. वर दोन-तीन कोरड्या पापुद्र्यांचं कवच असतं. रांगड्याचं तसं होत नाही. त्याची मान जाड आणि ओलसर राहते, साल पातळ असते, जोड कांदा जास्त निघतो आणि थंडी लागली की डेंगळे येतात. डेंगळा आलेल्या कांद्याच्या मधोमध फुलाच्या दांड्याचा कडक गाभा असतो, तो चाळीत सगळ्यांच्या आधी सडायला लागतो. रांगडा फार तर महिना-दोन महिने धीर धरतो. खरिपाचा तेवढाही नाही, त्याची पात काढणीच्या वेळीसुद्धा हिरवीगार उभी असते आणि रिकामा ड्रम फिरवून माना पाडाव्या लागतात.

एप्रिलच्या मध्यावर भाऊ चाळीत गेले. वरचा थर ठीक दिसत होता. हात आत घातला तेव्हा खालचा कांदा बोटाला मऊ लागला आणि उग्र वास आला. पुढच्या आठवड्यात कोंब बाहेर पडले. चुलतभावानं सगळी चाळ उपसून निवड केली. जे निघालं ते फेब्रुवारीतल्या पडेल भावापेक्षाही कमी पैशात गेलं, कारण तोवर शेजाऱ्यांचा रब्बी कांदा बाजारात आला होता. ‘ताई, चुकलं कुठं तेच कळंना,’ असं ते मला म्हणाले. मी त्यांना सांगितलं की तुमचं चुकलेलं नाही, आणि मला ते इथे छापून सांगायचं आहे.

कांदा ठेवण्याजोगा आहे का ते ओळखायला हंगामाचं नावही लागत नाही. कांद्याच्या लगेच वरची मान अंगठा आणि तर्जनीत दाबून बघायची. ती कागदासारखी वाळलेली आणि बारीक लागली तर ठेवा. आत रसाळ गर लागला तर विका. हे वाक्य त्या सल्ल्यात असतं तर भाऊंची चाळ भरलीच नसती.

वाणांचाही हाच प्रश्न आहे. आपल्या शेजारी राजगुरुनगरला, भीमेच्या काठी, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे आणि तिथली वाणं भीमेचंच नाव लावतात. भीमा सुपर खरिपाला आणि रांगड्याला चालतं. भीमा शक्ती रांगड्याला आणि रब्बीला. भीमा किरण रब्बीचं, चाळीत चांगलं टिकणारं. आता ज्याला रांगडा लावायचा आहे त्याने ‘विंटर’ वाचून भीमा किरणचं बी आणलं, तर चूक बियाण्याच्या पिशवीपासूनच सुरू झाली. संचालनालयाचे स्वतःचे इंग्रजी सल्ले खरीप, लेट खरीप, रब्बी असेच शब्द वापरतात. तिथल्या शास्त्रज्ञांना इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. त्यांना माहीत आहे की इंग्रजी ऋतूचं नाव घातलं की तीन पिकांची सरमिसळ होते. मग बाकीच्यांना हे शब्द बदलायचा सोस का? परदेशी वाचकासाठी बदलले म्हणावं तर परदेशी वाचक खेड तालुक्यात कांदा लावत नाही.

त्याच सल्ल्यात खाली हरभऱ्याचं होतं, आणि तिथे एक शब्द असा बदलला होता की कांदा बाजूला ठेवून त्याबद्दलच बोलावंसं वाटतं. वाक्य होतं, जमीन ‘ड्राय’ झाल्यावर पेरणी करा. मूळ मराठीत तिथे ‘वापसा’ असणार, याबद्दल मला शंका नाही. परतीचा पाऊस होऊन गेल्यावर दुसरं काही कोणी सांगणारच नाही. पण वापसा म्हणजे कोरडी जमीन नव्हे. पावसानंतर मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून जातं आणि तिथे हवा शिरते, बारीक पोकळ्यांत मात्र पाणी धरलेलं असतं. बियाला एकाच वेळी ओल आणि श्वास दोन्ही मिळतात, तो वापसा. हलक्या माळरानाला तो पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत येतो आणि लगेच जातोही. भारी काळ्या रानाला आठवडाही लागू शकतो.

तो ओळखायची रीत आमच्या आजोबांनी मला लहानपणी दाखवली होती. चार बोटं खोल माती उकरायची, मूठभर घेऊन दाबायची. बोटांच्या फटीतून चिखल आला किंवा तळहात माखला तर वापसा नाही. गोळाच झाला नाही, भुगा राहिला, तर वापसा निघून गेला. गोळा झाला, हात स्वच्छ राहिला, आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर तो गोळा फुटला, तर तिफण धरायची.

आता जिरायत हरभरा करणारा माणूस ‘ड्राय’ वाचून जमीन कोरडी व्हायची वाट बघत बसला तर काय होईल? ऑक्टोबरचं ऊन वरची ओल रोज खाली ढकलतं. जिरायत हरभरा मुळात थोडा खोल, दहा सेंटिमीटरपर्यंत पेरायला सांगतात, तो खालची ओल गाठण्यासाठी. आठ दिवस उशीर केला की ती ओलही दाण्याखाली जाते. निम्मं बी उगवतं, निम्मं मातीत तसंच राहतं. वरून पाणी द्यायची सोय असती तर त्याला जिरायत म्हटलंच नसतं. उलट घाई करून चिखलात पेरलं तर बी कुजतं आणि तिफणीच्या तासाची बाजू वाळून घट्ट होते. दोन्हीकडून मार, आणि मधे जी काही दिवसांची फट आहे तिचं नाव वापसा.

हवामान खात्याचे आपल्या भागातले कृषी सल्ले दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. त्यांच्या इंग्रजी मजकुरात ‘वापसा’ रोमन लिपीत तसाच लिहिलेला मी वाचला आहे. शेतकऱ्याचा अर्थ पोचवणारं तेच इंग्रजी.

सल्ला इंग्रजीत असायला माझी हरकत नाही. भाऊंसारखे लोक दिवसभर इंग्रजी वर्क ऑर्डर वाचतात, त्यांना ते जड जात नाही. हंगामाचं नाव आहे तसं ठेवा आणि त्याच्या पुढे लागणीचा महिना लिहा, एवढीच मागणी आहे. ‘रांगडा, लागण ऑक्टोबर-नोव्हेंबर, काढल्यावर महिना-दोन महिन्यांत विका.’ भाऊंनी यंदा निम्म्या रानात रांगडा लावायचा ठरवला आहे आणि निम्मं रब्बीला राखलं आहे. दोन्हीच्या बियाण्याच्या पिशव्यांवर चुलतभावाने मार्करने लागणीचा महिना लिहून ठेवलाय.