विश्लेषण : ‘स्थिर वेगा’ची टॅगलाइन; पण स्थिर म्हणजे नेमके काय?

‘क्लास असो वा कॉल, वेग राहणार अढळ’. ब्रॉडबँडच्या जाहिरातीत अशा धाटणीची ओळ आता ओळखीची झाली आहे. मुलाचा ऑनलाइन वर्ग आणि आई-वडिलांची ऑफिसची मीटिंग एकाच घरात, एकाच वेळी सुरू असते. त्या घराची नेमकी चिंता ही ओळ हेरते. तिच्या शेवटी एक छोटी चांदणी असते आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असे लिहिलेले असते. वर ‘अढळ’ आणि खाली ‘पर्यंत’. या दोन शब्दांतच सगळी गोम आहे.

कॉलला किती वेग लागतो?

वाटतो त्यापेक्षा खूप कमी. चांगल्या दर्जाच्या व्हिडीओ कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. मग १०० एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या घरातही आवाज का तुटतो? कारण कॉलची गरज वेगळी असते. सिनेमा पाहताना पुढचा भाग आधीच साठवून ठेवता येतो, त्यामुळे मध्ये दोन-तीन सेकंद इंटरनेट अडखळले तरी कळत नाही. कॉलमध्ये समोरच्याने अजून न बोललेले वाक्य साठवता येत नाही. तिथे प्रत्येक डेटा पॅकेट वेळेवर पोहोचावे लागते.

म्हणून स्थिरता मोजायची तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पॅकेटला जाऊन परत यायला किती वेळ लागतो, तो वेळ किती कमी-जास्त होतो आणि किती पॅकेट वाटेतच हरवतात. पहिल्याला लेटन्सी आणि दुसऱ्याला जिटर म्हणतात. जाहिरातीतला एमबीपीएसचा आकडा यांतले काहीच सांगत नाही.

घरात नेमके काय बिघडते?

एक उदाहरण पाहू. समजा, प्लॅनमध्ये डाउनलोड १०० एमबीपीएस आहे, पण अपलोड १० एमबीपीएस. सकाळी दहा वाजता आईची ऑफिसची मीटिंग सुरू आहे आणि मुलीचा क्लास सुरू आहे. दोन्ही मिळून अपलोडला ६ ते ७ एमबीपीएस लागतात. सगळे सुरळीत आहे. तेवढ्यात बाबांच्या फोनने काल रात्रीच्या समारंभाचा ३०० एमबीचा व्हिडीओ क्लाउडवर चढवायला सुरुवात केली.

३०० एमबी म्हणजे २,४०० मेगाबिट. पूर्ण अपलोड त्यालाच मिळाला तरी चार मिनिटे लागणार. या काळात राउटरकडे बाहेर जाणाऱ्या पॅकेटची रांग लागते. ती रांग १ एमबीची, म्हणजे ८ मेगाबिटची झाली, तर १० एमबीपीएसने ती संपायला ०.८ सेकंद लागतात. आईचा आवाज त्याच रांगेत मागे उभा असतो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार संभाषण सहज वाटायचे, तर एका दिशेचा विलंब ०.१५ सेकंदाच्या आत हवा. इथे तो पाचपटीहून अधिक झाला. मीटिंगमध्ये ‘तुमचा आवाज येत नाहीये’ सुरू होते. गंमत म्हणजे डाउनलोडचा बराचसा वेग त्या वेळी पडूनच असतो.

रात्री नऊला वेग का घसरतो?

हा दोष मात्र घराबाहेरचा. फायबरची लाइन घरापर्यंत येते, पण ती एकट्या घराची नसते. सध्या सर्रास वापरात असलेल्या जीपॉन तंत्रात एका पोर्टवर सुमारे २,५०० एमबीपीएस मिळतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३९ एमबीपीएस येतील. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी तसे मागत नाहीत, त्या भरवशावरच हा व्यवसाय चालतो आणि त्यात गैर काही नाही. अडचण होते ती पुढच्या टप्प्यावर. ग्राहक वाढत गेले आणि ऑपरेटरने वरून घेतलेली बँडविड्थ तेवढीच राहिली, तर संध्याकाळी सगळ्यांचाच वेग बसतो.

दोष कुणाचा, हे कसे ओळखायचे?

फोनवर fast.com उघडा आणि Show more info वर टॅप करा. तिथे लेटन्सीचे दोन आकडे दिसतात : Unloaded आणि Loaded. पहिला लाइन रिकामी असतानाचा, दुसरा ती भरलेली असतानाचा. पहिला १५ आणि दुसरा ४०० आला, तर रांगेचा त्रास आहे. कॉलच्या वेळी फोनचे बॅकअप थांबवल्याने तो बराच कमी होतो.

ही चाचणी आधी राउटरच्या शेजारी उभे राहून करा, मग नेहमीच्या खोलीत. शेजारी आकडे नीट आणि खोलीत वाईट असतील, तर अडचण वाय-फायची आहे. राउटरशेजारीही सकाळी सातला नीट आणि रात्री नऊला वाईट आकडे येत असतील, तर ती बहुतेक कंपनीच्या बाजूची. तीन-चार दिवसांचे स्क्रीनशॉट ठेवले, तर तक्रारीला वजन येते.

नियम काय सांगतात?

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ‘ट्राय’च्या सेवा-गुणवत्ता नियमांत तारेवरच्या ब्रॉडबँडसाठी लेटन्सीची मर्यादा ५० मिलिसेकंद आहे. जिटर आणि हरवणाऱ्या पॅकेटसाठीही मानके आहेत. म्हणजे ‘स्थिर’ ही मोजता येणारी गोष्ट आहे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वेही स्पष्ट आहेत. तळटीप मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये, महत्त्वाची माहिती लपवता कामा नये आणि ती दाव्याच्याच भाषेत हवी. मराठीत ‘अढळ’ लिहायचे आणि इंग्रजी तळटिपेत ‘पर्यंत’ म्हणायचे, हे या कसोटीवर टिकत नाही.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. मे २०१८ पासून तिथे जाहिरातीत वेगाचा आकडा द्यायचा, तर तो रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा हवा. ‘पर्यंत’ची पळवाट त्यामुळे बरीचशी बंद झाली.

आपल्याकडेही तेच व्हायला हवे. टॅगलाइन कितीही सुरेख असो, ‘स्थिर’ हा शब्द वापरणाऱ्या कंपनीने त्याच अक्षरात तीन आकडे छापावेत : रात्री नऊचा सरासरी वेग, अपलोडचा वेग आणि लाइन भरलेली असतानाची लेटन्सी. हे मोजणे कंपन्यांना अवघड नाही. हे आकडे सक्तीचे होईपर्यंत नवे कनेक्शन घेणाऱ्याने ते विक्रेत्याला विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे. वर्षभराचे पैसे आगाऊ भरायचे ते त्यानंतरच.