आधी कोणाबद्दल विचारायचे?

दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर अमेरिकेची कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी होती. अधिकारी गोरे होते. हे युद्ध गोऱ्यांचे आहे, तुम्ही त्यात जीव धोक्यात घालू नका, अशी पत्रके जपान्यांनी तिथे टाकली. दुसऱ्याच दिवशी तुकडी मागे घेण्यात आली. सैनिक बिथरल्याचा काहीच पुरावा नव्हता. ते बिथरतील, या अधिकाऱ्यांच्या समजुतीनेच निर्णय झाला. फिलिप्स डेव्हिसन यांनी हा किस्सा सांगत १९८३ साली ‘तृतीय-व्यक्ती परिणाम’ मांडला: माध्यमांचा परिणाम माझ्यापेक्षा इतरांवर जास्त होतो असे माणसाला वाटते, आणि त्या समजुतीवरून तो वागतो.

असे का वाटते? मजकूर वाचताना आपल्या मनात उठलेली शंका आपल्याला जाणवते, दुसऱ्याच्या मनातली दिसत नाही. शिवाय, आपण सहज फसतो हे मान्य करणे कोणालाही जड जाते.

सर्वेक्षण करणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ‘व्हॉट्सॲपवरच्या निवडणुकीच्या अफवांचा तुमच्या मतावर किती परिणाम होतो?’ असे विचारून लगेच ‘आणि इतरांच्या?’ असे विचारले, तर आपण स्वतःच तुलना सुचवलेली असते. मग हाती आलेला फरक समजुतीचा की प्रश्नावलीचा?

उपाय सोपा आहे. समजा, ४०० उत्तरदाते आहेत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे शंभराचे चार गट करा. पहिल्याला आधी स्वतःबद्दल, मग इतरांबद्दल विचारा. दुसऱ्याला उलट क्रमाने. तिसऱ्याला फक्त स्वतःबद्दल आणि चौथ्याला फक्त इतरांबद्दल विचारा. मोजपट्टी सगळ्यांना एकच, १ ते ७. शेवटच्या दोन गटांना तुलनेची संधीच नसते. त्यांच्या सरासरीतही फरक राहिला, तर तो प्रश्न शेजारी ठेवल्यामुळे आलेला नाही. पहिल्या दोन गटांत फरक कमीजास्त झाला, तर तो क्रमाचा परिणाम.

‘इतर’ म्हणजे कोण, हेही छापील प्रश्नात ठरलेले हवे. ‘तुमच्या गावातले लोक’ आणि ‘महाराष्ट्रातले लोक’ यांची उत्तरे सारखी येतीलच असे नाही. अनेक अभ्यासांत ‘इतर’ जितके दूरचे, तितका फरक वाढलेला दिसतो. अशा मजकुरावर बंदी हवी का, हा प्रश्न शेवटी ठेवा, म्हणजे त्याची छाया आधीच्या उत्तरांवर पडणार नाही.

एक मर्यादा विसरू नये. प्रातिनिधिक नमुन्यात ‘इतरांवर’ची सरासरी ‘स्वतःवर’च्या सरासरीपेक्षा जास्त आली, तर सगळ्यांचेच बरोबर असू शकत नाही, एवढेच सिद्ध होते. चूक नेमकी कोणाची, आणि ती स्वतःवरचा परिणाम कमी धरण्याची की इतरांवरचा परिणाम फुगवण्याची, हे या आकड्यांतून कळत नाही. म्हणून अहवालात ‘लोक अफवांना बळी पडतात’ असे लिहू नका. ‘लोकांना तसे वाटते’ एवढेच लिहा.