पाटी वाचणाऱ्याच्या हाती आधी द्या

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ आणला. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. अॅप इंग्रजीत आहे आणि दिलेला मोबाइल त्याला पेलत नाही, अशी त्यांची तक्रार होती. भाषेचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. इतके होईपर्यंत अॅप सगळीकडे पोचलेले होते. माझे म्हणणे असे की पाच-सहा सेविकांच्या हातात ते आधी देऊन नुसते बघत बसले असते, तर पहिल्या तासाभरातच बरेच काही कळले असते.

अशी चाचणी कशी होते ते सांगते. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका आदिवासी तालुक्यात एका संस्थेने कुपोषणाच्या आकड्यांचा डॅशबोर्ड तयार केला. मोबाइलवर एका पानात गावाची स्थिती दिसावी, हा हेतू. तो सगळीकडे द्यायच्या आधी आम्ही कच्चा नमुना पाच जणींना दाखवला: दोन सेविका, एक मुख्यसेविका, एक आशाताई आणि ग्राम आरोग्य समितीतल्या एक आजी. काहीही समजावून सांगायचे नाही, चूक झाली तरी ‘तसे नाही हो’ म्हणायचे नाही. एकच प्रश्न: “ताई, हे बघून तुम्हाला काय कळलं? उद्या काय कराल?” उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायचे.

पानावर एका अंगणवाडीचे आकडे होते. हिरव्या चौकटीत ‘मोजमाप ७०%’ आणि शेजारी, तेही हिरव्यात, ‘सॅम ०’. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित बालक; दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही त्याची एक खूण. पाचपैकी तिघींनी वाचले, “इथं एकही पोर तीव्र कुपोषित नाही.” आजी म्हणाल्या, “सत्तर टक्के पोरं चांगली आहेत.”

खरी गोष्ट अशी होती की पटावर ४० मुले, वजन-उंची झाली २८ जणांची. उरलेली १२ आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेली. शून्य हे फक्त त्या २८ जणांचे होते. ज्यांच्या घरात कामासाठी गाव सोडावे लागते, त्यांच्याच मुलांची काळजी आधी वाटायला हवी. हिरवा रंग मात्र सांगत होता, कोणाच्या दारी जायची गरज नाही.

अशा वेळी ठरलेले उत्तर येते: ‘बायकांना पुन्हा प्रशिक्षण द्या.’ मला ते मान्य नाही. वाढीच्या तक्त्यावर हिरवा म्हणजे मूल ठीक, हे आपणच सेविकांना वर्षानुवर्षे शिकवले आहे. त्यांनी शिकवल्याप्रमाणेच वाचले. बदलायचे ते पान.

बदल साधे होते. टक्केवारी काढून ‘४० पैकी २८ मुलांची मोजणी झाली’ असे लिहिले. सगळ्यांची मोजणी होईपर्यंत सॅमची चौकट करडी राहील असे केले. आणि खाली ओळ घातली: ‘१२ मुले राहिली’. त्यावर बोट ठेवले की नावांची यादी उघडते.

मग दुसऱ्या तिघींना दाखवले. जुन्यांना दाखवून उपयोग नसतो, त्यांना उत्तर माहीत झालेले असते. शून्याचा घोटाळा आता कोणी केला नाही, पण नवाच निघाला. एक ताई म्हणाल्या, “बारा मुलं गावात राहिली, बाकीची कामाला गेली.” आपल्या मराठीत ‘राहिली’ दोन्हीकडे चालते. कार्यालयात बसून हे कोणाच्या डोक्यात आले असते असे मला वाटत नाही. ओळ बदलून ‘१२ मुलांची मोजणी झालेली नाही’ अशी केली.

या पद्धतीची मर्यादाही आहे. पाच जणींवरून तालुक्यात किती टक्के बायका चुकतील हे सांगता येत नाही. पान कुठे फसवते एवढेच कळते. दुसरे असे की चाचणीला साहेब समोर बसले तर सेविका “समजलं, छान आहे” म्हणतात आणि वही कोरी राहते. म्हणून त्यांना बाहेर चहाला पाठवावे. त्याच दिवशी नेटवर्क नसलेल्या पाड्यावर, उन्हात, कमी उजेड असलेल्या मोबाइलवरही पान उघडून बघावे. आमचा करडा रंग तिथे पांढराच दिसत होता, म्हणून चौकटीत ‘मोजणी अपुरी’ हे शब्दही घालावे लागले.