रुपया पडला की तूट घटते? हिशेब मांडा!

"रुपया घसरला की निर्यात वाढते" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा सफाळ्याहून गाडी पकडून बोईसरला यावं. तारापूर एमआयडीसीतले औषध कारखाने माल बाहेर पाठवतात, खरं. पण बराचसा कच्चा माल चीनमधून डॉलर मोजूनच येतो, त्याचं काय?

समजा, आयात 100 डॉलरची, निर्यातही तेवढीच. डॉलर 80 वरून 88 रुपयांवर गेला. बाहेरच्या गिऱ्हाइकाला आपला माल स्वस्त पडला, निर्यात 3 टक्के वाढली: 8,240 रुपये. कच्चं तेल काय, औषधांचा कच्चा माल काय, टाळता येत नाही. आयात जेमतेम 2 टक्के घटली. 98 डॉलरचे झाले 8,624 रुपये. शून्य तूट होती, ती 384 झाली!

निर्यात 8 टक्के वाढून आयात 4 टक्के घटली असती, तर 8,640 विरुद्ध 8,448. तेव्हा फायदा. डॉलर 10 टक्के महागला तर वाढ आणि घट मिळून 10 टक्क्यांच्या वर जायला हवी. अर्थशास्त्रात यालाच दोन्ही मागण्यांच्या लवचिकतेची बेरीज एकाहून जास्त असणं म्हणतात. त्यात आपली सुरुवातच तुटीने, म्हणजे अट आणखी कडक.

मग सांगा साहेब, ज्या मालाला देशी पर्यायच नाही, त्याची आयात घटणार कशी?